सरळ समोर पाहूनच वर्णपट: क्राउन-फ्लिंटच्या तीन लोलकांची नळी

साध्या लोलकाच्या वर्णपटदर्शकात दिवा एकीकडे असतो आणि आपण पाहतो भलतीकडेच. जड फ्लिंट काचेच्या ६०° लोलकातून पिवळा किरण जवळजवळ ६०° वळून बाहेर पडतो, त्यामुळे हातात धरून ढगाकडे किंवा रस्त्यावरच्या दिव्याकडे नेम धरायचा म्हटलं की पंचाईत होते. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता अमिची (१७८६–१८६३) यांच्या नावाने ओळखली जाणारी जोडणी ही अडचण सोडवते. मधे एक फ्लिंट लोलक टोक वर करून आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन क्राउन लोलक उलटे, टोक खाली करून चिकटवायचे. पिवळा किरण जसा आत शिरतो तसाच सरळ बाहेर पडतो, आणि लाल त्याच्या एका बाजूला, निळा-जांभळा दुसऱ्या बाजूला पसरतो. फोंड्याला घरी अशी नळी मी दोनदा केली. पहिली फसली, दुसरी आजही वापरात आहे. तिचेच माप इथे देतो.

वळण रद्द होते, पसरणे का उरते

दोन्ही लोलक एकाच काचेचे असते तर एकाने वळवलेले दुसऱ्याने पुरते सरळ केले असते, आणि रंगही परत एकत्र येऊन पांढरा प्रकाशच मिळाला असता. इथे काचा वेगळ्या आहेत. बीके७ ही नेहमीची क्राउन काच आणि एसएफ१० ही शिसे असलेली जड फ्लिंट घ्या. पिवळ्या प्रकाशासाठी क्राउनचा अपवर्तनांक १.५१७ आहे, फ्लिंटचा १.७२८. म्हणजे वळवण्याच्या ताकदीत फ्लिंट क्राउनच्या दीडपटीपेक्षा थोडीही कमीच भरते. पण लाल आणि निळ्याच्या अपवर्तनांकातला फरक क्राउनमध्ये ०.००८०६ आहे आणि फ्लिंटमध्ये ०.०२५६३, म्हणजे तिपटीहून जास्त. या दोन पटींमधल्या तफावतीवरच सगळा खेळ आहे. फ्लिंटचे वळण पूर्ण खोडून काढेल इतका क्राउन जोडला, तरी फ्लिंटचे पसरवणे तो पूर्ण खोडू शकत नाही. उरलेला पसारा आपल्याला मिळतो.

याची किंमत थोडी मोजावी लागतेच. एकटा ६०° फ्लिंट लोलक हायड्रोजनच्या लाल रेषेपासून निळ्या रेषेपर्यंत सुमारे २.९° पसरवतो. खाली दिलेली तीन लोलकांची जोडणी तेवढेच रंग २.१° पसरवते.

आधी काच ओळखा

काच पाठवणाऱ्याने पाकिटावर काहीही लिहिलेले असो, मी आधी मोजतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बीएस्सीच्या मुलांचा वर्णपटमापी आणि सोडियमचा दिवा असतो. ओळख असली तर सुट्टीच्या दिवशी तासभर वापरू देतात. दोन्ही काचांचा एकेक ६०° नमुना-लोलक ठेवून लघुतम विचलन कोन घ्यायचा. माझ्या क्राउनचा आला ३८° ३८′, फ्लिंटचा ५९° ३४′. लोलकाचा कोन आणि विचलन यांची बेरीज अर्धी करून तिचा साइन घ्या आणि त्याला अर्ध्या लोलक-कोनाच्या साइनने भागा, की अपवर्तनांक मिळतो. मला मिळाले १.५१७ आणि १.७२८. फ्लिंटच्या नावाखाली कधीकधी १.६२ची हलकी काच येते. तिचे विचलन ४८° च्या आसपास भरते, आणि त्या काचेने नळी बनते खरी, पण पसारा १° च्याही आत राहतो. म्हणून हे मोजमाप टाळू नका.

कोन ठरवणे

इथेच मी पहिल्यांदा आपटलो. मी ९०° चा फ्लिंट करून घेतला आणि बाजूंना हाताशी असलेले ६०° चे क्राउन लावले. ‘थोडेफार इकडेतिकडे होईल’ अशी समजूत होती. पिवळा किरण ११° वळला. नळीत ठेवल्यावर वर्णपट दिसण्याऐवजी पाइपची काळी भिंत दिसली.

खरे गणित सममितीमुळे सोपे आहे. पिवळा किरण फ्लिंटच्या आत त्याच्या पायाला समांतर जावा, एवढी एकच अट धरायची. मग जे डाव्या अर्ध्यात घडते त्याचेच आरशातले प्रतिबिंब उजव्या अर्ध्यात घडते, आणि आत येणारा किरण अक्षाला समांतर असला की बाहेर जाणाराही समांतरच राहतो. त्यामुळे अर्धाच भाग सोडवायचा. `n1` क्राउनचा अपवर्तनांक, `n2` फ्लिंटचा, `A` फ्लिंटचा टोककोन, `K` क्राउनचा टोककोन:

```
sin(t) = n2 * sin(A/2) / n1
e = t - A/2
tan(f) = n1*sin(e) / (n1*cos(e) - 1)
K = A/2 + f
```

`t` हा क्राउनमधून फ्लिंटवर आदळतानाचा कोन, `e` म्हणजे क्राउनच्या आत किरण अक्षापासून किती वर चढतो ते, आणि `f` म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग उभ्या रेषेपासून किती कललेला असावा ते.

आता `A` ९०° धरू. १.७२८२५ ला ०.७०७१ ने गुणून १.५१६८ ने भागले की ०.८०५७ येते, म्हणून `t` ५३.६८°. त्यातून ४५° वजा केले की `e` ८.६८°. शेवटच्या समीकरणातून `f` २४.६१° आणि `K` ६९.६१°. क्राउनचे तीन कोन मग ६९.६°, ४५° आणि ६५.४° होतात. ४५° चा कोपरा फ्लिंटच्या टोकाशी येतो, ६९.६° चा फ्लिंटच्या पायाच्या कोपऱ्याशी. बाहेरचा पृष्ठभाग वरच्या बाजूने बाहेर झुकलेला असतो. कागदावर एकदा मोठे चित्र काढून पाहा. क्राउन उलटा लावण्याची चूक माझ्या डोळ्यांदेखत दोघांनी केली आहे.

याच मापांवर लाल आणि निळा किरण एकेका पृष्ठभागातून पुढे नेत गणित केले तर हायड्रोजनची लाल रेषा ०.५७° वर जाते आणि निळी-हिरवी रेषा १.५४° खाली येते. निळ्याकडे पसारा जास्त आणि लालकडे दाटी, हा काचेच्या लोलकाचा स्वभावच आहे. किरण खाली जातो म्हणून डोळ्याला मात्र निळा वरच्या बाजूला दिसतो, हे लक्षात ठेवा, नाहीतर चित्र आणि दृश्य जुळत नाही म्हणून डोके खाजवत बसाल.

आकार मी १५ मिमी उंची आणि १५ मिमी रुंदीचा घेतला. फ्लिंटचा पाया ३० मिमी होतो, आणि पूर्ण जोडणी वरच्या बाजूने सुमारे ४४ मिमी. काच घासणाऱ्याला कोनाची सूट ±१० मिनिटे सांगा. दोन्ही क्राउनमध्ये १° ची चूक झाली तर पिवळा किरण जवळजवळ तेवढाच, १° हून जरा जास्त, सरकतो. म्हणजे १० मिनिटांच्या चुकीने ०.२° बिघडेल, आणि ते चालण्यासारखे आहे. त्याहून बारीक कोनासाठी पैसे घालवू नका. ते पैसे पृष्ठभागाच्या सपाटपणावर घाला, कारण पृष्ठभाग लाटेरी असला तर रेषा कधीच ठाम दिसत नाहीत.

आधी तेल, मग सिमेंट

तीन लोलक नुसते एकमेकांना टेकवून ठेवले तर आत काहीच दिसत नाही. फटीत हवा असते आणि क्राउनमधला किरण तिच्यावर ५३.७° ने आदळतो. क्राउनमधून हवेत निसटण्याची मर्यादा ४१.२° आहे. त्यामुळे पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन जोडाची जागा चांदीच्या आरशासारखी चमकते. ही चमक पुढेही कामाची आहे: चिकटवल्यावर जोडात जिथे चंदेरी ठिपका दिसेल तिथे बुडबुडा राहिला आहे, हे ओळखायला दुसरे साधन लागत नाही.

हवेऐवजी कोणताही पारदर्शक द्रव आला की वाट मोकळी होते. म्हणून पक्के चिकटवण्याआधी एकेक थेंब एरंडेल तेल लावून जोडणी तपासा. आमच्याकडे घरात खोबरेल तेल असतेच आणि तेही चालते, पण डिसेंबरच्या गार सकाळी ते थिजून पांढरे होते. एरंडेलचा तसा त्रास नाही. तेलाचा थर दोन्ही बाजूंनी समांतर असल्यामुळे तो किरणाची दिशा बदलत नाही.

तपासणीला मीठ लागते. पिवळा मधला किरण म्हणून जो आपण धरला, तो सोडियमच्या ५८९ नॅनोमीटरच्या रेषेशी जवळजवळ जुळतो आणि मिठाच्या ज्योतीत दुसरा रंग फारसा नसतोच. पेडण्याकडच्या आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ आमच्या घरी असते. त्याचे दाट पाणी करून स्पिरिटच्या दिव्याची वात त्यात बुडवली आणि पेटवली. दिवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून बरोबर ४ मीटरवर, दाराच्या उंबऱ्याशी बसलो. खोलीतले बाकी दिवे बंद. तेल लावलेली जोडणी एका डोळ्यासमोर अशी धरली की ज्योतीचा वरचा भाग काचेच्या वरून थेट दिसेल आणि खालचा भाग काचेतून. कोन बरोबर असले तर ज्योत अखंड दिसते, मधे तुटत नाही. तुटली तर किती सरकली ते भिंतीवर लावलेल्या मोजपट्टीवर वाचायचे: ४ मीटरवर ७ सेंटिमीटर म्हणजे १°. माझ्या पहिल्या, ६०° क्राउनवाल्या जोडणीत हीच ज्योत ओट्यावरून पाऊण मीटर उडून मसाल्याच्या डब्यांच्या फळीवर जळताना दिसली होती. बायकोनेही काचेतून पाहिले आणि म्हणाली, ‘दिवा हंय, उजवाड थंय!’ दुसऱ्या जोडणीत खंड होता तो एका बोटाच्या रुंदीएवढा, आणि एक क्राउन तेलावर किंचित फिरवल्यावर तोही जवळपास मिटला.

तेलावर समाधान झाले की लोलकांच्या बाजूंवर पेन्सिलीने खुणा करा, स्पिरिटने पुसा आणि अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या भिंगाच्या सिमेंटने जोडा. मधोमध एक थेंब टाकून लोलक एका कडेने हळू खाली आणायचा, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. पटकन चिकटणारा साधा ग्लू वापरू नका. त्याच्या वाफा काचेवर पांढरा धुरकट थर सोडतात आणि तो जोडाच्या आत अडकला की कायमचा. घट्ट होण्याआधी मिठाची ज्योत आणखी एकदा पाहून घ्या, कारण नंतर काही हलत नाही. जड फ्लिंट मऊ असतो आणि घामाच्या बोटांचे डाग धरतो, म्हणून लोलक बाजूच्या खरखरीत पृष्ठभागावरच पकडायचा.

फट, भिंग आणि नळी

इथे फार वेळ घालवण्याची गरज नाही. एक इंची पीव्हीसी पाइप, आतून मॅट काळा. चष्म्याच्या दुकानात +१० नंबरचे भिंग मिळते, त्याचे नाभीय अंतर १०० मिमी. पाइपच्या पुढच्या तोंडाशी फट, तिच्यापासून १०० मिमीवर भिंग, त्याला जवळजवळ टेकून लोलक, आणि मागे डोळ्यासाठी ८ मिमीचे भोक. फट मात्र आत-बाहेर सरकणाऱ्या तुकड्यावर बसवा, म्हणजे रेषा ठळक करता येतात. लोलकातला मधला किरण फ्लिंटमधून दोनेक मिलिमीटर वरून जातो, पण बाहेर मूळ उंचीवरच येतो, म्हणून डोळ्याचे भोक अक्षावरच पाडायचे.

फटीसाठी दाढीच्या ब्लेडचे दोन अर्धे, धारा समोरासमोर. मधले अंतर ठेवायला गॅरेजवाल्याकडची फीलर गेज आणली आणि ०.०५ मिमीची पात मधे धरून ब्लेड चिकटवली. ही फट १०० मिमीवरून ०.०२९° एवढी दिसते. पिवळ्याच्या आसपास आपला लोलक एका नॅनोमीटरला सुमारे ०.०१° देतो. म्हणजे साधारण तीन नॅनोमीटरच्या अंतरावरच्या रेषा वेगळ्या कळतील. सोडियमच्या दोन रेषांमध्ये ०.६ नॅनोमीटरच अंतर आहे, तेव्हा त्या एकच दिसणार. तिथे काही बिघडले आहे असे समजू नका. फट लांबीला ५ मिमी पुरे. लांब ठेवली तर टोकांकडचे किरण लोलकात तिरके शिरतात आणि रेषा धनुष्यासारख्या वाकतात.

फट लोलकाच्या कडांना समांतर असली पाहिजे. नळी ट्यूबलाइटकडे धरून फटीचा तुकडा सावकाश फिरवा. पाऱ्याची हिरवी रेषा, ५४६ नॅनोमीटरची, एका जागी सगळ्यात बारीक आणि चकचकीत होते. तिथे खूण करून थांबा. घरात आता एलईडीच असतील तर जुनी ट्यूब किंवा सीएफएल शोधून ठेवा, कारण एलईडीत रेषा नसतात, निळा उंचवटा आणि पुढे सलग पट्टा एवढेच दिसते.

एक गोष्ट सगळ्यांना फसवते. वर्णपटाच्या लांबीने, लालपासून जांभळ्यापर्यंत जाणाऱ्या बारीक काळ्या रेघा दिसल्या तर ती फटीतली धूळ असते. खऱ्या रेषा पट्ट्याला आडव्या छेदतात. धूळ काडेपेटीच्या टोकदार केलेल्या काडीने एकाच दिशेने ओढून काढायची, फुंकर मारायची नाही. तोंडातली वाफ ब्लेडवर बसते आणि आठवड्यात गंज धरतो. गंजाची फट दातेरी होते आणि मग बदलावीच लागते. आमच्या हवेत हा त्रास घाटावरच्यापेक्षा जास्तच. पावसाळ्यात नळी सिलिका जेलच्या पुड्यांसकट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आणि जेलचा रंग बदलला की पुड्या तव्यावर भाजून पुन्हा वापरतो. एका जूनमध्ये हे विसरलो. चवथीच्या आधी डबा उघडला तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी होती. जोडांवर मात्र काही नव्हते, कारण तिथे हवा शिरत नाही.

ढगाकडे नेम

सूर्याकडे नळी कधीही धरायची नाही. उजळ पांढरा ढग पुरतो. फट नीट असली तर लालमध्ये एक, पिवळ्यात एक, हिरव्यात जाडसर गट आणि निळ्या-हिरव्यात एक ठळक काळी रेषा दिसते. या रेषा सूर्यातल्या आहेत आणि हवामानाने बदलत नाहीत.

पण पिवळ्या रेषेला लागूनच, तिच्या लालकडच्या बाजूला, एक धूसर सावली असते. ती सूर्याची नसून आपल्या हवेतल्या वाफेची आहे. १८७०च्या दशकात स्कॉटलंडचे राजखगोलज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ याच सावलीवरून पावसाचा अंदाज बांधत असत आणि अशा हातातल्या सरळ नळ्या त्या कामासाठी विकल्याही जात. क्षितिजाजवळ पाहिले की प्रकाश हवेतून लांबवर येतो आणि सावली गडद होते. सूर्य मावळतीला असला तरी तसेच होते. म्हणून तुलना करायची तर दरवेळी आकाशाची उंची तीच आणि सूर्याची उंचीही साधारण तीच हवी. मी दुपारी चारच्या सुमारास मिरामारच्या वाळूवर उभा राहून, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या उंचीवर पाहतो आणि वहीत शून्य ते पाच असा आकडा लिहितो. शून्य म्हणजे पिवळी रेषा दोन्ही बाजूंनी सारखी स्वच्छ, पाच म्हणजे तिची लालकडची कड ओळखूच येत नाही. जानेवारीतले आकडे बहुतेक एक-दोन आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात चार, आणि त्यानंतर ओळीने पाच. पाच आला त्या दिवशी पाऊस पडतोच असे नाही. वाफ हवेत आहे एवढेच तो सांगतो, ती खाली येणार का हे नाही.